ब्रिटनचं बेटिंग खातं भारतात गेल्यावर का अडतं आणि अडकलेले पैसे कसे सोडवायचे

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली बरीच मुलं इथे क्रिकेट-फुटबॉलवर कायदेशीर बेटिंग खातं उघडतात. मग दिवाळीला किंवा लग्नसराईत घरी जातात, नाहीतर शिक्षण संपवून कायमचीच परततात, आणि ठरलेला फोन येतो: "काका, ॲप उघडतंय पण बेट लागत नाहीये, आणि पैसेही निघत नाहीयेत." ही गाठ मी इथल्या मंडळींसाठी इतक्यांदा सोडवली आहे की बिघाड कुठे आहे ते आता पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच कळतं. म्हणून ते प्रश्न आणि त्यांचा क्रम लिहून ठेवतो. इथे लिहिलेलं सगळं ग्रेट ब्रिटनच्या गॅम्ब्लिंग कमिशनचा परवाना असलेल्या कंपन्यांबद्दल आहे. अमेरिकेत हे प्रत्येक राज्याप्रमाणे बदलतं, त्याचा इथे संबंध नाही.

आधी लक्षणं नीट बघा

सगळे जण एकच वाक्य सांगतात, "खातं ब्लॉक झालं." पण त्यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिलं लक्षण: लॉगिन होतं, बॅलन्स दिसतो, पण बेट लावायला गेलं की तुमच्या ठिकाणाहून ही सेवा उपलब्ध नाही असा संदेश येतो. ही फक्त जागेची अडचण आहे. पैसे सुरक्षित आहेत आणि बहुतेक वेळा विड्रॉल चालू असतो.

दुसरं: वेबसाइट उघडतच नाही. पांढऱ्या पानावर `Department of Telecommunications, Government of India` चा उल्लेख असलेलं एक वाक्य येतं, किंवा पान नुसतं गोल गोल फिरत राहतं. इथे कंपनीने तुम्हाला अडवलेलं नाही. तुमच्या भारतातल्या इंटरनेट कंपनीने सरकारी आदेशावरून ती साइट बंद ठेवली आहे.

तिसरं: सगळं उघडतं, विड्रॉलची विनंतीही जाते, पण ती दिवसेंदिवस `Pending` दिसते किंवा पैसे फिरून परत खात्यात येतात. बहुतेकदा ही बँकेची किंवा कागदपत्रांची अडचण असते.

चौथं: लॉगिन केल्याबरोबर खातं तपासणीखाली आहे असं दिसतं आणि ईमेलवर कागदपत्रं मागितलेली असतात. हे सगळ्यात गंभीर, आणि नेमकं इथेच लोक घाईने नको त्या गोष्टी करतात.

त्या पडद्याचा स्क्रीनशॉट लगेच काढा. तारीख आणि वेळ त्यात दिसू द्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पहिला पुरावा असतो.

पहिली तपासणी, फुकटातली: तुम्ही खरंच कुठे आहात?

प्रश्न बालिश वाटेल, पण निम्मा उलगडा इथेच होतो. तुम्ही भारतात असाल तर बेट न लागणं हा बिघाड नाही, ते बरोबरच चाललेलं आहे. गॅम्ब्लिंग कमिशनचा परवाना ब्रिटनमध्ये बसून खेळणाऱ्या ग्राहकाला सेवा देण्यासाठी असतो. 2014 च्या कायद्यानंतर कंपनी कुठे नोंदलेली आहे यापेक्षा ग्राहक कुठून खेळतो याला महत्त्व आलं. भारतात त्या परवान्याला काही अर्थ नाही. भारतात तर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत केला, आणि त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैशांचे व्यवहार हाताळणं यावर बंदी आहे. सेवा पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढा धोका पत्करून कोणती ब्रिटिश कंपनी तुमचं बेट घेईल?

"पण गोव्यात तर कॅसिनो आहेत, तिथून चालेल ना?" हे मला अनेकदा विचारतात. नाही चालणार. मांडवीतल्या बोटींवरच्या आणि हॉटेलांतल्या कॅसिनोंना गोव्याच्या कायद्याखाली त्या त्या जागेपुरता परवाना आहे. पणजीत बसून मोबाइलवर परदेशी ॲप चालवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

ब्रिटनहून निघण्यापूर्वी लावलेलं बेट सहसा तसंच राहतं आणि निकाल लागला की त्याचा हिशोब होतो. मध्येच ते विकून मोकळं होण्याचं बटण मात्र परदेशातून बंद असू शकतं. त्याला इलाज नाही, निकालापर्यंत थांबायचं.

दुसरी तपासणी: फोन तुमच्याबद्दल काय सांगतोय?

हा भाग जरा सावकाश समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

कंपनी तुमची जागा एका खुणेवरून ठरवत नाही. एक खूण म्हणजे आयपी पत्ता, म्हणजे तुमचं इंटरनेट ज्या दारातून बाहेर पडतं त्या दाराचा पत्ता. दुसरी म्हणजे फोनचं स्वतःचं लोकेशन, जे जीपीएस, आजूबाजूचे वायफाय आणि मोबाइल टॉवर यांवरून ठरतं. याशिवाय फोनचा टाइम झोन, कोणत्या उपकरणावरून लॉगिन झालं आणि शेवटचं लॉगिन कुठून झालं होतं हेही बघितलं जातं. या खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत की यंत्रणेला संशय येतो.

आता रोमिंगची गंमत बघा. ब्रिटिश सिम घेऊन तुम्ही पुण्यात उतरलात आणि डेटा रोमिंग चालू ठेवलं, तर तुमचं इंटरनेट बऱ्याचदा आधी ब्रिटनमधल्या तुमच्या मोबाइल कंपनीकडे जातं आणि तिथून बाहेर पडतं. म्हणजे आयपी पत्ता ब्रिटनचा, पण फोनचं लोकेशन शिवाजीनगरचं. काही वेळा ॲप फसतं आणि बेट घेतंही. मुलं खूश होतात, "काका, रोमिंगवर चालतंय!" पण ते बेट नोंदीत राहतं. पुढे तुम्ही मोठी रक्कम काढायला गेलात की मागच्या सगळ्या लॉगिनची छाननी होते आणि बंदी असलेल्या देशातून लावलेली बेटं कंपनी रद्द करू शकते. लावलेले पैसे परत मिळतात, जिंकलेले जातात. रोमिंगवर ॲप उघडलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही.

याच्या उलट प्रकार ब्रिटनमध्ये परत आल्यावर होतो. विमानतळावरून घरी पोहोचला आहात, पण फोनमध्ये अजून भारतीय सिमचा डेटा चालू आहे, किंवा प्रवासासाठी घेतलेलं ईसिम चालू आहे. या ईसिमचं इंटरनेट कधी कधी तिसऱ्याच देशातून बाहेर पडतं. तुम्ही लेस्टरमध्ये सोफ्यावर बसलेले असता आणि कंपनीला तुम्ही दुसऱ्याच कुठल्या देशात दिसता. उपाय सोपा आहे: ते सिम बंद करा, घरच्या वायफायवर या, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

तरीही अडलं तर या गोष्टी क्रमाने बघा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यावर कंपनीचं व्हीपीएन आपोआप चालू असतं, म्हणून स्वतःच्या फोनवरून करून बघा. आयफोनवर `Settings` → `Privacy & Security` → `Location Services` मध्ये त्या ॲपला परवानगी आहे का आणि `Precise Location` चालू आहे का ते पाहा. ते बंद असेल तर फोन फक्त ढोबळ परिसर सांगतो आणि काही ॲपना तेवढं पुरत नाही. `iCloud Private Relay` चालू असेल तर ते बंद करून बघा, कारण काही यंत्रणा त्याला लपवाछपवी समजतात. अँड्रॉइडवर `Developer options` मध्ये `Select mock location app` इथे काही निवडलेलं नसावं. दुसऱ्याच कुठल्या खेळासाठी खोटं लोकेशन दाखवणारं ॲप टाकलेलं असतं आणि माणूस ते विसरलेला असतो.

व्हीपीएनबद्दल स्पष्टच सांगतो. भारतात बसून ब्रिटनचं व्हीपीएन लावू नका, अगदी नुसता बॅलन्स बघायलासुद्धा. जवळपास प्रत्येक कंपनीच्या अटींत जागा लपवणं हा खातं बंद करण्याचा आधार असतो, आणि व्हीपीएन कंपन्यांचे आयपी पत्ते यंत्रणेला ओळखता येतात. ज्या मुलांचे पैसे सहज निघाले असते त्यांनीच असं करून साध्या जागेच्या अडचणीचं रूपांतर फसवणुकीच्या संशयात करून घेतल्याचं मी पाहिलं आहे.

तसंच आपलं लॉगिन भारतातल्या भावाला किंवा मित्राला देऊ नका. सकाळी नॉटिंगहॅममधून आणि दुपारी नाशिकमधून लॉगिन झालं तर कोणालाही शंका येणारच, आणि तुमच्या खात्यातून दुसऱ्याने खेळणं अटींत बसत नाही.

तिसरी तपासणी: साइट बंद असेल तर ईमेल चालू असतो

भारतात साइट सरकारी आदेशाने बंद असेल तर ती उघडायची खटपट करू नका. कंपनीचा ग्राहक सेवेचा ईमेल पत्ता तुमच्या जुन्या मेलमध्ये सापडेल. खातं उघडताना किंवा मागच्या विड्रॉलला आलेला मेल शोधा. गुगलवर `customer care` शोधून मिळालेल्या नंबरवर अजिबात फोन करू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात, आणि "खातं उघडून देतो, आधी दहा टक्के भरा" म्हणणारे टेलिग्रामवरचे लोक तर निव्वळ लुटारू आहेत. पैसे सोडवण्यासाठी आधी पैसे भरा असं परवानाधारक कंपनी सांगत नाही.

इथेच एक उलटी तपासणीही करून घ्या. तुमचं ॲप भारतात बिनबोभाट चालत असेल, यूपीआयने पैसे घेत असेल आणि पौंडांऐवजी रुपये दाखवत असेल, तर ते तुमचं ब्रिटिश खातं नाहीच. नावाशी साधर्म्य साधून केलेली ती दुसरी साइट असते. खऱ्या कंपनीच्या साइटच्या तळाशी गॅम्ब्लिंग कमिशनचा खाते क्रमांक असतो आणि तो कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही तपासता येतो. तिथे साइटचा पत्ताही तंतोतंत जुळला पाहिजे. नाही जुळला तर या लेखातले पुढचे उपाय तुमच्या कामाचे नाहीत, कारण तक्रार घेणारं ब्रिटनमध्ये कोणी नाही.

चौथी तपासणी: पैसे जाणार कुठे?

ब्रिटनमध्ये 14 एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डाने बेटिंग बंद आहे, म्हणून पैसे बहुधा डेबिट कार्डाने भरलेले असतात. काळा पैसा फिरवायला वाव राहू नये म्हणून कंपन्या शक्यतो ज्या कार्डाने पैसे आले त्याच कार्डावर परत पाठवतात. कार्डाची मुदत संपून नवं आलं असेल पण बँक खातं तेच असेल, तर पैसे सहसा पोहोचतात. पण बँक खातंच बंद केलं असेल तर पैसे फिरून येतात, आणि मग "विड्रॉल झालं, पण मिळालं नाही" अशी विचित्र अवस्था होते.

एका मुलाचं उदाहरण देतो. मास्टर्स संपवून तो नाशिकला परतला, निघताना घर सोडलं आणि मुख्य बँक खातं बंद केलं. बेटिंग खात्यात 412 पौंड राहिले होते. नाशिकहून विड्रॉल टाकलं, ते बंद कार्डावर गेलं आणि फिरून आलं. त्याने पुन्हा टाकलं, पुन्हा फिरलं. दुसऱ्यांदा फिरल्यावर खातं तपासणीखाली गेलं आणि गेल्या तीन महिन्यांतला ब्रिटनच्या पत्त्याचा पुरावा मागितला गेला. तो पुरावा त्याच्याकडे असणारच नव्हता. मित्राच्या पत्त्यावर एखादं बिल बनवून पाठवावं असा त्याचा विचार चालला होता. मी त्याला निक्षून सांगितलं, तसं केलंस तर हे पैसे विसर.

त्याऐवजी त्याने एक सरळ मेल लिहिला: मी अमुक तारखेला ब्रिटन कायमचं सोडलं, आता खेळणार नाही, खातं बंद करून उरलेली रक्कम परत द्या. सोबत चार कागद जोडले. भाडेकरार आणि तो संपल्याची तारीख, बँक खातं बंद झाल्याचं बँकेचं पत्र, ज्या कार्डाने पैसे भरले होते त्याच्या जुन्या स्टेटमेंटमधल्या त्याच नोंदी, आणि पासपोर्टचं फोटोचं पान. त्याचं दुसरं एक ब्रिटिश खातं, मोबाइलवरच्या बँकेतलं, स्वतःच्या नावाने अजून चालू होतं. त्याचं स्टेटमेंट पाठवून पैसे तिथे मागितले. कंपनीने एकदा उलट प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं, आणि रक्कम आली. कंपनीला दोनच गोष्टी पटवून द्यायच्या असतात: माणूस तोच आहे, आणि पैसे त्याच्याच नावाच्या खात्यात जात आहेत.

म्हणून परतताना बँक खातं सगळ्यात शेवटी बंद करा. आधी बेटिंग खातं रिकामं करा, पैसे बँकेत आल्याचं बघा, मग बँकेला कळवा. आई-वडिलांच्या किंवा मित्राच्या खात्यात पैसे मागू नका, ते नाकारले जातात आणि संशय वाढतो.

पाचवी तपासणी: मागितलेले कागद योग्य आहेत का?

7 मे 2019 पासून परवानाधारक कंपनीला ग्राहकाचं नाव, पत्ता आणि जन्मतारीख खेळू देण्याआधीच तपासावी लागते. कमिशनच्या परवाना अटींत हेही आहे की जी माहिती आधी मागता आली असती ती पैसे काढायच्या वेळी अट म्हणून मागता येत नाही. मात्र कायद्याने त्याच वेळी मागणं भाग असेल तर मागता येते. तुम्ही महिनोन् महिने खेळलात आणि कोणी काही विचारलं नाही, आणि आता शंभर पौंडांसाठी वयाचा दाखला मागतात, तर हा नियम शांतपणे लिहून दाखवा. पण तुमची जागा बदलली, बँक बदलली किंवा अचानक मोठी रक्कम आली, तर नवे प्रश्न विचारणं कंपनीला भाग असतं. तिथे नियमाकडे बोट दाखवून उपयोग नाही, कागद द्या.

पैसे कुठून आले असं विचारलं तर पगाराच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट द्या. घरून आलेले फीचे पैसे खेळात गेले असतील तर तसंच सांगा. स्टेटमेंटमधल्या ओळी खोडून पाठवू नका.

खातं तुम्ही स्वतः गॅमस्टॉपवर, म्हणजे स्वतःलाच बेटिंगबंदी घालून घेण्याच्या सेवेवर, नाव नोंदवून बंद केलं असेल तर ते मुदतीआधी उघडत नाही. मात्र उरलेली रक्कम परत देणं कंपनीवर बंधनकारक आहे, ती मागा. नवं खातं दुसऱ्या मेलने उघडायचा मोह होत असेल तर तो विचार तिथेच थांबवा आणि घरात कोणाशी तरी बोला.

सहावी: लेखी तक्रार

उत्तर मिळत नसेल तर चॅटवर भांडू नका. मेलच्या विषयात `Formal complaint` असं स्पष्ट लिहा. त्या दिवसापासून कंपनीला आठ आठवडे असतात. त्यात निकाल लागला नाही, किंवा त्याआधीच कंपनीने आपला अंतिम निर्णय कळवला, तर स्वतंत्र तंटा निवारण संस्थेकडे जाता येतं. कोणती संस्था ते कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं, आयबीएएस हे त्यातलं ओळखीचं नाव. ग्राहकाला हे फुकट आहे आणि भारतात बसून ऑनलाइन करता येतं. गॅम्ब्लिंग कमिशन स्वतः तुमचे पैसे मिळवून देत नाही, तिथे तक्रार केली तर ती फक्त माहिती म्हणून जमा होते. लोक तिथे मेल करून महिनाभर वाट बघत बसतात, तो वेळ वाया जातो.

तक्रारीसोबत माझ्याबद्दल तुमच्याकडे असलेली माहिती द्या, असाही अर्ज करता येतो. ब्रिटनच्या डेटा कायद्याने त्याला सहसा महिनाभरात उत्तर द्यावं लागतं. कोणत्या दिवशी कुठून लॉगिन दिसलं हे त्यात बरेचदा कळतं आणि वाद कशावरून आहे ते समजतं.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

खातं अडकलं आहे, कंपनी कारण सांगत नाही, आणि "तपासणी चालू आहे" एवढंच पुन्हा पुन्हा लिहिते, रक्कमही मोठी आहे. अशा वेळी शक्यता असते की कंपनीने संशयास्पद व्यवहाराची माहिती सरकारी तपास यंत्रणेला दिली आहे, आणि तसं असेल तर ते तुम्हाला सांगणं तिला कायद्याने अडचणीचं असतं. रोज मेल करून काही होत नाही. ब्रिटनमधल्या सॉलिसिटरला सगळे कागद दाखवा, आणि त्याआधी कंपनीला नवं काहीही लिहून देऊ नका.

भारतात पैसे आणायचे असतील आणि तुम्ही तिथले रहिवासी ठरत असाल, तर आधी सीएला विचारा. ब्रिटनमध्ये खेळणाऱ्याला जिंकलेल्या रकमेवर कर नाही, भारतात मात्र ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आहे, आणि वर्षाच्या मध्यात परतलेल्याचं रहिवासी असणं दिवस मोजून ठरतं. भारतातून परदेशी बेटिंग खात्यात पैसे भरायचा प्रयत्न तर करूच नका. लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल अशांसाठी परदेशी पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांत फार आधीपासून मनाई आहे. तसं आधीच केलं असेल आणि बँकेकडून पत्र आलं असेल, तर त्याचं उत्तर स्वतः न लिहिता वकिलाकडून लिहून घ्या.